रेकॉर्डरचे दार आणि त्याच्या किल्ल्या

झाशी शहरातील एका गृहनिर्माण संस्थेचे उदाहरण घेऊ. फाटकावर व जिन्यांत मिळून तिचे आठ कॅमेरे आहेत आणि त्यांची चित्रे कार्यालयातील रेकॉर्डरमध्ये साठविली जातात. ती सचिवांना घरबसल्या फोनवर पाहावयाची आहेत. यासाठी समितीपुढे कोणता प्रस्ताव ठेवावा?

सोपा वाटणारा मार्ग असा, की राउटरमधून रेकॉर्डरकडे जाणारे एक दार इंटरनेटच्या बाजूने उघडून ठेवावयाचे. परंतु ते दार सचिवांप्रमाणेच साऱ्या जगालाही दिसते. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने अशी दारे शोधून, कारखान्यातील मूळ संकेतशब्द न बदललेले असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर काबीज केले. त्या वर्षी २१ ऑक्टोबर रोजी अशाच यंत्रांकरवी अमेरिकेतील ‘डाइन’ कंपनीवर मारा झाला व अनेक मोठी संकेतस्थळे काही तास नीट उघडेनात.

म्हणून प्रस्तावात व्ही.पी.एन. सुचवावा. हा इंटरनेटमधूनच जाणारा, परंतु गूढलिपीने बंदिस्त केलेला खाजगी मार्ग होय. कार्यालयात एक लहान संगणक ठेवून त्यावर ‘वायरगार्ड’ ही आज्ञावली बसवावयाची. राउटरमधून UDP 51820 हे एकच दार या संगणकाकडे वळवावे. रेकॉर्डरकडे थेट जाणारे एकही नको. ओळखीच्या किल्लीवाचून ठोठावणाऱ्यास वायरगार्ड उत्तरच देत नाही. त्यामुळे परक्याला ते दार असल्याचेही कळत नाही.

प्रत्येक अधिकृत व्यक्तीच्या फोनमध्ये किल्ल्यांची एक जोडी तयार होते. गुप्त किल्ली फोनमध्येच राहते. सार्वजनिक किल्ली तेवढी संगणकात नोंदवितात. सचिवांची नोंद अशी असेल:

```
[Peer]
PublicKey = (सचिवांची सार्वजनिक किल्ली)
AllowedIPs = 10.8.0.2/32
```

सचिव बदलले किंवा फोन हरवला, की ही नोंद काढून टाकावी. इतरांच्या किल्ल्यांना बाध येत नाही. एकच संकेतशब्द सर्वांनी वापरण्यात ही सोय नसते. म्हणून किल्ली कोणास द्यावी व केव्हा काढून घ्यावी, हे समितीने ठरावात लिहून ठेवावे. तसेच आलेल्या फोनला रेकॉर्डरखेरीज अन्य यंत्रे दिसू नयेत, असे बंधनही संगणकावर घालावे.

दोन अडचणी आधीच तपासाव्यात. काही इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. राउटरमधील बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल, तर बाहेरून येणारी हाक आत पोहोचत नाही. कंपनीकडून स्वतंत्र पत्ता मागावा लागतो. दुसरी अडचण वेगाची. चार कॅमेरे एकदम पाहताना प्रत्येकास सेकंदाला अर्धा मेगाबिट धरला, तरी कार्यालयातून बाहेर जाणारा वेग दोन मेगाबिट हवा.

अखेरची परीक्षा सोपी आहे. कार्यालयाचे वायफाय सोडून मोबाइलच्या इंटरनेटवर यावे. व्ही.पी.एन. बंद असता रेकॉर्डर उघडता कामा नये. चालू करताच उघडावा. बंद असतानाही तो उघडला, तर जुने दार कोठेतरी उघडेच राहिले आहे असे समजावे.