पंख्याचा रेग्युलेटर बदलताना

१. रेग्युलेटर गरम लागला म्हणजे तो बिघडलाच, असं नसतं. भिवंडीत आमचं घर यंत्रमागांच्या वस्तीत आहे. मागांचा खडखडाट आत येऊ नये म्हणून खिडक्या लावलेल्या असतात आणि उन्हाळ्यात पंखे रात्रंदिवस फिरतात. आईच्या खोलीतला जुना, डब्यासारखा रेग्युलेटर कायम गरम असतो. त्याच्या आत तारेची गुंडाळी आहे. पंख्याचा वेग ती कमी करते आणि अडवलेली वीज उष्णता म्हणून बाहेर टाकते. समजा, कमी वेगावर त्यातून ०.२ अँपिअर वीज जातेय आणि १०० व्होल्ट त्याच्यावरच खर्च होतायत, तर २० वॅट नुसती उष्णता झाली. हल्लीच्या खटकेवाल्या रेग्युलेटरमध्ये त्या जागी कंडेन्सर असतात, ते जवळजवळ तापत नाहीत. त्यामुळे जुना डबा कोमट असला तर मी तो चालू देते. खटकेवाला तापला तर मात्र लगेच बघते.

२. वेग बदलत नाही, याचा दोष बहुतेक वेळा पंख्यावर ढकलला जातो. आमच्या हॉलमधला रेग्युलेटर गोल फिरवायचा, इलेक्ट्रॉनिक होता. कुठेही फिरवला तरी पंखा पूर्ण वेगानेच धावायचा, आणि प्लेट हात ठेववणार नाही इतकी गरम. वायरमन काका म्हणाले, "ताई, पंख्याला काही झालेलं नाही. आतला ट्रायॅक शॉर्ट झालाय, तो वीज अडवतच नाही." त्यांनी मेन बंद करून रेग्युलेटरच्या दोन्ही तारा कनेक्टरमध्ये एकत्र जोडल्या आणि मेन लावला. पंखा सुरळीत पूर्ण वेगाने फिरला, म्हणजे पंखा ठीक. याच चाचणीत पंखा रेंगाळला असता, तर पंख्यावरचा कंडेन्सर (बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा) किंवा बेअरिंग बघावं लागलं असतं. नवा रेग्युलेटर आणून उपयोग झाला नसता. खटकेवाल्याचं लक्षण वेगळं: आतला एखादा कंडेन्सर गेला की पाचवर पंखा नीट चालतो, पण खालच्या एखाद्या खटक्यावर मंदावतो किंवा थांबतो.

३. उष्णता कुठून येतेय, हे मला त्या दिवशी खरं कळलं. ट्रायॅक शॉर्ट झाल्याने प्लेट इतकी तापायला नको होती. प्लेट उघडली तर एका स्क्रूखालची तार काळवंडलेली, तिच्याजवळचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं आणि सगळ्यावर सुताचं तूस साचलेलं. तार ॲल्युमिनियमची होती. दाबाखाली ॲल्युमिनियम हळूहळू सरकतं, स्क्रू ढिला पडतो आणि त्या बारीकशा सैल जागी उष्णता तयार होते. म्हणजे आमच्याकडे दोन बिघाड एकदमच होते. नुसता रेग्युलेटर बदलून तीच काळी तार पुन्हा आवळली असती, तर नवाही तसाच तापला असता. काकांनी जळका भाग छाटला, चकचकीत धातू लागेपर्यंत तार सोलली आणि मग जोडली. तूसही कोरड्या ब्रशने झाडून काढलं, कारण सैल जोडाजवळ ते पेट घेऊ शकतं.

४. पंख्याचं बटण बंद करणं पुरेसं नाही. त्याच बोर्डावरचा सॉकेट जिवंत राहतो, आणि जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी न्यूट्रलवर लावलेलं असतं. म्हणून मेन किंवा त्या खोलीचा एमसीबी पाडायचा. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पाहायचा, तो पेटतो याची खात्री करायची, मगच बोर्डातल्या तारांना लावायचा. कंडेन्सरवाला रेग्युलेटर काढताना त्याच्या उघड्या टोकांनाही हात लावू नये, त्यात थोडी वीज साठून राहू शकते.

५. जोडणी सोपी आहे, चुकायची जागा एकच. फेज बटणातून रेग्युलेटरमध्ये येतो आणि तिथून पंख्याकडे जातो. रेग्युलेटरला तारा दोनच, एक बटणाकडची आणि एक पंख्याकडची. बोर्डात सॉकेटसाठी आलेला न्यूट्रल त्याच्या जवळच लोंबत असतो, तो रेग्युलेटरला अजिबात लावायचा नाही, शॉर्ट होईल. जुना काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढला की गोंधळ होत नाही. साधारण आठ-दहा मिलिमीटर तार सोलावी, एकही धागा बाहेर राहू नये, स्क्रू आवळल्यावर तार हलकेच ओढून बघावी. एका रेग्युलेटरवर एकच पंखा घ्यावा. पंखा बीएलडीसी असेल तर रेग्युलेटर काढून थेट जोडावा.

६. बोर्डातली तार हात लावताच तुटत असेल, तिचं आवरण कडक होऊन फुटत असेल, तर वायरमनलाच बोलवा. आणि काम कोणीही केलेलं असो, पंखा दोनवर अर्धा तास चालवून प्लेटला हात लावून पाहा. खटकेवाला नवा रेग्युलेटर गरम लागला, तर मेन बंद करून आधी स्क्रू तपासा.