फुकट आलेले इअरबड्स आणि पडद्यावरची पाटी

प्रश्न : कंपनीनं इअरबड्स फुकट पाठवले, पैसे दिले नाहीत. तरी व्हिडिओत ‘जाहिरात’ लिहायचं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हो. फुकट वस्तू हाही लाभच, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या २०२३ च्या सूचना सांगतात. ती गोष्ट नुसती खालच्या वर्णनात लिहून भागत नाही. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार, दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत त्या वस्तूबद्दल बोलणं चालू असेपर्यंत पाटी पडद्यावर हवी.

पाटीइतकंच परीक्षणही प्रामाणिक हवं, म्हणून खोक्याचं सील कॅमेऱ्यासमोरच फोडावं. मग महाद्वार रोडच्या गर्दीतून फोन लावावा आणि पलीकडे रेकॉर्ड झालेला आवाज न सुधारता ऐकवावा. बंद खोलीत बहुतेक माइक चांगलेच वाटतात. बॅटरीवरचं मत मात्र आठवडाभर वापरून, वेगळ्या व्हिडिओत द्यावं.