जुळलेल्या हिशेबाची रुजुवात

आमच्या गल्लीतील सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचे खजिनदारपद पहिल्यांदाच माझ्याकडे आले, त्या वर्षी अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मी कार्यकर्त्यांकडून पावतीपुस्तके गोळा केली, प्रत्येक स्थळप्रतीवरील आकडा कागदावर उतरवला आणि बेरीज बँकेतील भरण्याशी ताडून पाहिली. नऊ पुस्तकांच्या स्थळप्रतींची बेरीज १,०८,४५० रुपये आली आणि भरणा निघाला ९३,२०० रुपयांचा. ही १५,२५० रुपयांची तफावत पाहून छातीत धस्स झाले खरे. परंतु चौकशीअंती तिचा उलगडा झाला. मांडववाल्याला दिलेली ११,००० रुपयांची तसलमात बँकेत न भरता वर्गणीच्या रोकडीतूनच चुकती केलेली होती आणि तिची सही-शिक्क्याची पावती उपलब्ध होती. ३,७४९ रुपयांच्या पावत्या "पैसे उद्या देतो" एवढ्या शब्दावर फाडल्या गेल्या होत्या. आणि ५०१ रुपयांची एक पावती चुकीच्या नावाने लिहिली गेल्यामुळे रद्द होऊन मूळ प्रतीसह स्थळप्रतीलाच टाचलेली होती. हिशेब रुपयाला रुपया जुळला, मी त्याखाली सही केली, आणि त्या रात्री फार निश्चिंतपणे झोपलो.

पंधरा दिवसांनी हिशेबाच्या सभेत कोपऱ्यावरच्या एका दुकानदाराने, वर्गणीदारांच्या यादीत आपले नाव का नाही, असा अगदी साधा प्रश्न विचारून खिशातून पावती काढली. रक्कम २,००१ रुपये, क्रमांक ४६७. माझ्याजवळची नऊ पुस्तके पन्नास-पन्नास पावत्यांची, म्हणजे क्रमांक ४५० पाशी संपणारी. छापखान्याचे बिल काढून पाहिले तेव्हा त्यावर दहा पुस्तके स्वच्छ लिहिलेली आढळली.

दहावे पुस्तक ज्या तरुण कार्यकर्त्याकडे होते, तो आईच्या आजारपणामुळे विसर्जनाआधीच गावी गेला होता. निरोप मिळताच तो पुस्तक आणि पाकीट घेऊन परतला. पुस्तकात सतरा पावत्या फाडलेल्या होत्या, त्यांची बेरीज १४,३५० रुपये, आणि पाकिटात १३,८५० रुपये होते. उरलेले पाचशे त्याने मूर्ती आणणाऱ्या टेम्पोला दिले होते, मात्र त्याचा दाखला घेतला नव्हता. त्याच्या सचोटीविषयी मला तेव्हाही शंका आली नाही, आजही नाही; परंतु भर सभेत त्याच्याकडे ज्या नजरा वळल्या, त्यांना कारण माझी गैरशिस्त होती, कारण कोणते पुस्तक कोणत्या तारखेस कोणाच्या हाती दिले, याची सहीनिशी नोंदच मी ठेवली नव्हती.

तेव्हापासून मी रुजुवातीचा आरंभ छापखान्याच्या बिलापासून करतो, स्थळप्रतींपासून नव्हे. बिलातील पुस्तके, वाटपाच्या वहीतील पुस्तके आणि परत आलेली पुस्तके या तीन संख्या जुळल्याखेरीज रकमेची बेरीज मांडण्यात अर्थ नाही, कारण जे पुस्तक आलेच नाही, त्याची तूट बेरजेत दिसणेच शक्य नसते. मग प्रत्येक पुस्तकाचे क्रमांक ओळीने पाहावेत: रद्द पावतीची मूळ प्रत जागेवर आहे काय, आणि कोऱ्या पावत्या जितक्या असावयास हव्या तितक्याच आहेत काय.

भरण्याच्या बाबतीत एक लहानशी सवय फार उपयोगी पडली. रक्कम बँकेत भरताना चलनाच्या आपल्याकडील प्रतीच्या पाठीवर "पावती क्र. १०१ ते १३८" असे लिहून ठेवले, म्हणजे तफावत आली तरी ती चारशे पावत्यांत शोधावी लागत नाही, त्या एका भरण्यापुरताच तपास करावा लागतो. मोबाइलवरून परस्पर खात्यात आलेली वर्गणी स्थळप्रतीवर तशी नमूद करून तिची बेरीज निराळी धरावी, नाहीतर रोकडीत खोटी तूट दिसते. आणि हाती पैसे पडल्यावाचून पावती फाडू नये. वायद्याची जागा वर्गणीच्या वहीत आहे, पावतीपुस्तकात नाही.

एवढे करूनही स्थळप्रत शेवटी कार्यकर्त्यानेच लिहिलेली असते, हे विसरता येत नाही. वर्गणीदाराच्या पावतीवर १,५०१ आणि स्थळप्रतीवर ५०१ असे लिहिले गेले, तर स्थळप्रत आणि भरणा तंतोतंत जुळतील आणि हजार रुपये कोठेच दिसणार नाहीत. कार्बन ठेवून लिहिलेल्या पुस्तकात असे करणे अवघड असते. साध्या पुस्तकात, ओळीने वीस स्थळप्रती एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या आणि तारखांचा क्रम चुकलेल्या दिसल्या, तर त्या मागाहून भरल्या आहेत असे समजून चौकशी करावी. त्यासाठी मी दर पुस्तकातील पाच-सहा वर्गणीदारांकडे जाऊन त्यांची पावती पाहतो. काहींना हा अविश्वास वाटतो आणि त्यांची समजूत घालण्यात चहाचे दोन पेले खर्ची पडतात. कोपऱ्यावरचा तो दुकानदार मात्र गणपती उठले की पावती गल्ल्यातच ठेवून माझी वाट पाहत असतो.