विक्रीचा तिमाही अहवाल : आर्थिक वर्षाची मांडणी

प्रास्ताविक

मागील घटकात आपण कार्यालयीन अहवालाची सर्वसाधारण रचना पाहिली. या घटकात विक्रीच्या अहवालाचा विचार करावयाचा आहे. अशा अहवालात वाक्यरचना निर्दोष असूनही अर्थ चुकू शकतो, कारण 'वर्ष' हा शब्द येथे दोन अर्थांनी वावरतो. भिंतीवरील दिनदर्शिकेचे वर्ष जानेवारीत सुरू होते. शासनाचे आणि बहुतेक व्यवसायांच्या हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. भारतात सरकारी हिशेबाची ही पद्धत १८६७ पासून चालत आली आहे.

हा घटक अभ्यासल्यावर कोणत्याही तारखेचे आर्थिक वर्ष व तिमाही तुम्हाला ठरवता येईल, आणि दोन वर्षांच्या तिमाहींची तुलना कोठे फसते हे ओळखता येईल.

१. तारखेवरून वर्ष आणि तिमाही

एप्रिल ते जून ही पहिली तिमाही, जुलै ते सप्टेंबर दुसरी, ऑक्टोबर ते डिसेंबर तिसरी आणि जानेवारी ते मार्च चौथी. पहिल्या तीन तिमाहींत दिनदर्शिकेचे वर्ष व आर्थिक वर्षाचा पहिला आकडा एकच असतो. चौथ्या तिमाहीत मात्र दिनदर्शिका पुढे गेलेली असते आणि आर्थिक वर्ष जुनेच चालू असते. म्हणून नियम असा : महिना एप्रिल किंवा त्यानंतरचा असेल तर तारखेतील वर्ष हेच आर्थिक वर्षाचे आरंभवर्ष, जानेवारी, फेब्रुवारी वा मार्च असेल तर त्यातून एक वजा करावा. १५ फेब्रुवारी २०२५ ही तारीख २०२४-२५ च्या चौथ्या तिमाहीत येते, तर १५ मे २०२५ ही २०२५-२६ च्या पहिल्या तिमाहीत.

संगणकावरील तक्त्यात बिलाची तारीख A2 या घरात असेल, तर हाच नियम पुढील दोन सूत्रांनी लिहिता येतो. पहिले सूत्र वर्ष देते, दुसरे तिमाहीचा क्रमांक.

```
=YEAR(A2)-(MONTH(A2)<4)&"-"&RIGHT(YEAR(A2)+(MONTH(A2)>3),2)
=INT(MOD(MONTH(A2)-4,12)/3)+1
```

दुसऱ्या सूत्रात महिन्याच्या क्रमांकातून चार वजा केल्याने एप्रिल शून्यावर येतो. बाराने भागून बाकी घेतल्यामुळे मार्च अकरावर जातो आणि चौथ्या तिमाहीत बसतो.

येथे एक चूक वारंवार होते. ०३/०४/२०२५ ही तारीख आपण ३ एप्रिल अशी वाचतो; संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असल्यास तो ती ४ मार्च अशी वाचतो. मग एक विक्री नव्या वर्षातून उचलून मागील वर्षाच्या चौथ्या तिमाहीत टाकली जाते, आणि सूत्र काहीच तक्रार करत नाही. म्हणून तारखेच्या घरांना महिन्याचे नाव दिसेल अशी मांडणी द्यावी आणि काही नोंदी मूळ बिलांशी ताडून पाहाव्यात. चारही तिमाहींची बेरीज वर्षाच्या विक्रीवहीशी जुळते का, हा ताळाही पाहावा.

२. अहवालातील शब्दयोजना

'२०२५ ची पहिली तिमाही' हा शब्दप्रयोग टाळावा. त्यातून जानेवारी ते मार्च हा अर्थ निघतो, तसाच एप्रिल ते जून हाही निघतो. 'यंदा' आणि 'गेल्या वर्षी' हे शब्द फेब्रुवारीत लिहिलेल्या अहवालात असेच दुटप्पी ठरतात. 'आर्थिक वर्ष २०२४-२५, चौथी तिमाही (जानेवारी ते मार्च २०२५)' असे प्रथम उल्लेखात पूर्ण लिहावे. पुढे 'चौथी तिमाही' एवढे पुरते. विक्रीची तारीख म्हणजे मागणी नोंदवल्याची, पैसे मिळाल्याची की बिलाची, हेही आरंभीच सांगावे. पुढील उदाहरणात आपण बिलाची तारीख धरली आहे.

३. एक उदाहरण : पाडव्याची सरकती तारीख

समजा, तालुक्याच्या गावी दुचाकींचे एक विक्रीकेंद्र आहे. विकलेल्या गाड्यांची संख्या अशी आहे :

| तिमाही | २०२३-२४ | २०२४-२५ |
|---|---|---|
| पहिली | २१० | २६२ |
| दुसरी | १८० | १८६ |
| तिसरी | ३३० | ३३६ |
| चौथी | २०० | २४६ |
| एकूण | ९२० | १०३० |

विक्री ११० ने, म्हणजे सुमारे १२ टक्क्यांनी वाढली. एवढ्यावर अहवाल लिहिला तर मालक पुढील वर्षासाठी जादा गाड्या मागवील आणि कर्ज काढील. परंतु तक्ता तिमाहीनुसार वाचा. वाढ दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीत अगदी थोडी आहे. जवळजवळ सगळी पहिल्या आणि चौथ्या तिमाहीत साठली आहे. असे का व्हावे?

गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला होता. तारखा आर्थिक वर्षात बसवून पाहिल्या की उलगडा होतो. पहिला पाडवा २०२३-२४ सुरू होण्यापूर्वीच होऊन गेला आणि दुसरा ते संपल्यावर आला. त्या वर्षात पाडवा नव्हताच. २०२४-२५ मध्ये मात्र दोन पाडवे आले, एक आरंभी आणि एक अखेरीस. मुहूर्तावर गाडी घरी नेण्याची आपल्याकडील रीत लक्षात घेता हा फरक लहान नाही.

या केंद्राची ९ एप्रिलची बिले ४८ आणि ३० मार्चची ४२ होती असे धरू. ही ९० वजा केल्यास २०२४-२५ ची विक्री ९४० उरते. वाढ २० गाड्यांची, म्हणजे सुमारे २.२ टक्के. हाही अंतिम आकडा नव्हे, कारण पाडवा नसता तरी त्यातील काही ग्राहकांनी अन्य दिवशी गाडी घेतलीच असती. खरी वाढ या दोन आकड्यांच्या दरम्यान कोठेतरी आहे, एवढेच म्हणता येते.

दिवाळीबाबत ही अडचण येत नाही. ती ऑक्टोबरात असो वा नोव्हेंबरात, तिसऱ्या तिमाहीतच राहते. म्हणूनच तिसऱ्या तिमाहीची तुलना आदल्या वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीशी करावी. लगतच्या दुसऱ्या तिमाहीशी केल्यास केवळ दिवाळीच मोजली जाते.

४. नमुना परिच्छेद

'आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये बिलाच्या तारखेनुसार १०३० दुचाकींची विक्री झाली. मागील आर्थिक वर्षाच्या तुलनेत ही वाढ सुमारे १२ टक्के आहे. तथापि २०२३-२४ मध्ये गुढीपाडवा नव्हता आणि २०२४-२५ मध्ये तो दोनदा आला. पाडव्याच्या दोन दिवसांची ९० बिले वगळता वाढ सुमारे २.२ टक्के दिसते. २०२५-२६ च्या पहिल्या तिमाहीत पाडवा नसल्याने त्या तिमाहीची विक्री मागील वर्षाच्या पहिल्या तिमाहीपेक्षा कमी दिसण्याची शक्यता आहे.'

शेवटचे वाक्य पाहा. ते येणाऱ्या घटीचे कारण आधीच सांगून ठेवते, म्हणजे जुलैत अहवाल हाती आल्यावर विक्रेत्यांना विनाकारण बोल लागत नाही.

स्वयं-अध्ययन

१. ३१ मार्च २०२४ आणि १ एप्रिल २०२४ या तारखांची आर्थिक वर्षे व तिमाही लिहा.
२. २०२६ चा गुढीपाडवा १९ मार्चला आहे. २०२५-२६ मध्ये किती पाडवे येतात आणि ते कोणत्या तिमाहीत?

उत्तरे : १. २०२३-२४, चौथी, २०२४-२५, पहिली. २. एक, चौथ्या तिमाहीत.