दैनंदिनीतील नोंदीपासून अभंगछंदातील कवितेपर्यंत

मागील घटकात आपण अक्षरछंदांचा परिचय करून घेतला. या घटकात एक दैनंदिनीतील नोंद समोर ठेवून तिच्यातून चार कडव्यांची कविता कशी सिद्ध होते, ते पायरीपायरीने पाहू. नोंदीचा विषय तुटलेली मैत्री हा आहे. या विषयावर लिहिताना भावना उत्कट असते, परंतु शब्द मात्र बहुधा इतरांनी वापरून गुळगुळीत केलेले हाती येतात. म्हणूनच अभ्यासासाठी तो निवडला आहे. पुढील नोंद या पाठासाठीच तयार केलेली आहे. ती प्रथम सावकाश वाचा.

‘आज मंडईत ती दिसली. दहा वर्षांनी. हाक मारणार होते, पण नाही मारली. तिनेही पाहिलं आणि मेथीच्या जुडीचा भाव विचारत वळली. खूप वाईट वाटलं. किती जिवाभावाची मैत्री होती आमची! शाळेत एका छत्रीतून जायचो. छत्री माझी, म्हणून दांडा मी माझ्याकडे ओढायचे. तिचा डावा खांदा रोज भिजायचा. डब्यातल्या पोळीच्या घडीत कैरीच्या लोणच्याची फोड ठेवून ती मला द्यायची. बारावीत काय बिनसलं, ते आज नीट सांगताही येत नाही. तिची इतिहासाची वही अजून माझ्या कपाटात आहे. तेलाचा डाग पडलेली. उघडली की पानिपतचा धडाच निघतो. नशिबाचे खेळ. मन भरून आलं.’

ही नोंद वाचून बहुतेक नवोदित लेखक कवितेसाठी ‘जिवाभावाची मैत्री’, ‘वाईट वाटलं’, ‘मन भरून आलं’ हीच वाक्ये उचलतात, कारण भावना तेथे नाव घेऊन उभी असते. त्यातून पुढीलसारखे कडवे तयार होते :

जिवाची मैत्रीण
गेली दूर फार,
मनावर भार
विरहाचा.

छंदाच्या दृष्टीने या कडव्यात काहीही चूक नाही. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा व चौथ्यात चार अक्षरे असतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. येथे लघुगुरूचा विचार नसतो. जोडाक्षर एकच अक्षर धरले जाते, त्यामुळे ‘मैत्रीण’ या शब्दाची अक्षरे तीनच होतात. हे सर्व वरील कडव्यात आहे. तरीही ते कोणत्याही मैत्रिणीविषयी कोणीही लिहू शकले असते. अशा ओळी ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. कडवे आपल्या शेजारच्या विद्यार्थ्याच्या वहीत ठेवून पाहावे. तेथेही ते जसेच्या तसे शोभत असेल, तर आपल्या नोंदीतील काहीच त्यात आलेले नाही, असे समजावे.

आता नोंदीकडे पुन्हा वळा आणि डोळ्यांना, जिभेला, हाताला जाणवणाऱ्या गोष्टी तेवढ्या पेन्सिलीने अधोरेखित करा. छत्रीचा दांडा, डावा खांदा, पोळीच्या घडीतील फोड, तेलाचा डाग, पानिपतचा धडा, मेथीची जुडी. एवढ्यावर कविता उभी राहू शकते. ‘नशिबाचे खेळ’ निःसंकोच सोडून द्यावे. ‘बारावीत काय बिनसलं’ हे वाक्य सोडताना मात्र हात अडखळेल. वास्तविक नोंदीतील सर्वांत खरे वाक्य कदाचित तेच आहे. परंतु ते कारण सांगू पाहते आणि कारण तर लिहिणारीलाही ठाऊक नाही. बावीस अक्षरांच्या कडव्यात न सापडलेल्या कारणाची चर्चा मावत नाही. ते कारण तपशिलांच्या मधल्या रिकाम्या जागेत राहू द्यावे.

साहित्य निवडल्यावर यमकाची अडचण येते. ‘खांदा’ हा शब्द यमकस्थानी ठेवला, तर काय घडते ते पाहा :

छत्रीबाहेर तो
तुझा डावा खांदा,
भाकरी नि कांदा
डब्यामध्ये.

नोंदीत पोळी आणि लोणचे आहे. कांदा कोठेच नाही. तो केवळ ‘खांदा’ या शब्दाच्या हाकेला धावून आला आणि येताना भाकरीही घेऊन आला. (कांदाभाकरीशी आमचे वैर नाही, पण या डब्यात ती नव्हती.) शब्द यमकाने आणला की अनुभवाने, हे ओळखायचे असेल तर यमकाचा शब्द झाकून फक्त पहिल्या दोन ओळींचा आशय मनात धरा आणि पुढे काय यायला हवे होते ते स्वतःला विचारा. येथे उत्तर भिजण्याविषयीचे असेल, डब्याविषयीचे नसेल. अशा वेळी तपशील बदलू नये, त्याची जागा बदलावी. ‘खांदा’ यमक नसलेल्या चौथ्या चरणात नेला, की यमकाचे काम क्रियावाचक शब्दांकडे येते :

छत्री होती माझी,
दांडा ओढलेला;
तुझा भिजलेला
डावा खांदा.

कैरीचे लोणचे
पोळीच्या घडीत;
डाग हा वहीत
अजूनही.

तुझी वही आहे
माझ्या कपाटात,
तुझ्या अक्षरात
पानिपत.

मेथीच्या जुडीचा
पुसलास भाव;
घेतले न नाव
मीही तुझे.

पहिल्या कडव्यात ‘ओढलेला’ आणि ‘भिजलेला’ हे शब्द केवळ ध्वनीने जुळत नाहीत. एकीने ओढले म्हणून दुसरी भिजली, असा कार्यकारणभावही त्या यमकात आहे. दांडा कोणी ओढला हे सांगितलेले नाही. ‘छत्री होती माझी’ या चरणावरून वाचक ते ताडतो. नोंदीत मैत्री ‘जिवाभावाची’ होती. येथे ती थोडी असमानही दिसते. नोंद लिहिताना लिहिणारीच्या ध्यानात न आलेली ही गोष्ट तपशील निवडल्यामुळे पुढे आली.

‘पानिपत’ हा शब्द जपून वापरायचा आहे. मराठी वाचकाला १७६१ ची लढाई आठवते, तसाच सर्वनाश हा त्याचा बोलीतील अर्थही आठवतो. ‘आपल्या मैत्रीचे पानिपत झाले’ असे लिहिले असते, तर तो अर्थ वाचकावर लादला गेला असता. कपाटातील वहीत, तिच्या हस्ताक्षरात तो धडा असल्यामुळे शब्द आधी वस्तू म्हणून येतो आणि दुसरा अर्थ मागाहून उमटतो. हेच कडवे शेवटी ठेवण्याचा मोह होईल. तो टाळलेला बरा. टाळ्यांसाठी थांबल्यासारखे वाटते.

नोंद मंडईपासून सुरू होते, तर कवितेत मंडई शेवटी आली आहे. छत्री, फोड आणि वही ठाऊक झाल्यावरच मेथीचा भाव विचारणे बोचते; तेच आरंभी वाचले असते, तर तो नुसता बाजाराचा प्रसंग ठरला असता. याशिवाय नोंदीतील ‘ती’ येथे ‘तू’ झाली आहे. मंडईत न मारलेली हाक कवितेत पहिल्या कडव्यापासून मारली जाते, म्हणून ‘मीही तुझे’ या चरणातील ‘ही’ला वजन येते. ते अक्षर काढून ‘मी तुझे ते’ असे म्हणून पाहा. अक्षरे चारच राहतात, पण दोघींचे गप्प राहणे एकत्र बांधणारा धागा सुटतो.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानात घ्यावी. सहा अक्षरांच्या चरणात लांब शब्द आणि उपवाक्ये बसत नाहीत. दहा वर्षांचा काळ, आधीची ओढ आणि नंतरचा दुरावा यांचा क्रम सविस्तर सांगायचा असेल, तर ओवी किंवा मुक्तछंद अधिक सोयीचा ठरतो.

स्वाध्याय : आपल्या दैनंदिनीतील दुरावलेल्या मित्राविषयीची किंवा मैत्रिणीविषयीची एक नोंद घ्या. तिच्यातील भावनावाचक शब्द खोडून उरलेल्या वस्तूंची यादी करा. त्यांपैकी तीन वस्तू घेऊन मोठ्या अभंगाची तीन कडवी लिहा. प्रत्येक चरणाची अक्षरे बोटांवर मोजा आणि यमकासाठी एखादी वस्तू बदलावी लागली असल्यास ती कोणती, हे समासात नोंदवा.