कंबर तलावाला एक फेरी मार

अगं, त्या मुलाला पहिल्यांदा निवांत भेटायचंय म्हणून कॅफेची मेन्यूकार्डं चाळत बसू नकोस. टेबलाशी समोरासमोर बसलं की बोलणं आटलं रे आटलं, आणखी काहीतरी मागवावं लागतं. सिनेमात तर तीन तास तोंडच उघडता येत नाही. तुला त्याची ओळख करून घ्यायचीय ना? मग चालायला जा.

आपल्या जुळे सोलापूरहून कंबर तलाव जवळ. आता उन्हं तापतात, म्हणून साडेपाचनंतरच निघ. वर्दळीच्या बाजूनंच चाला. कुणी ओळखीचं बघेल म्हणून आडबाजूला जाऊ नकोस. उघड्यावर भेटणंच सुरक्षित. कुठं आहेस, किती वाजता परतणार, हे मैत्रिणीला सांगून ठेव.

भाजलेल्या शेंगांचा एक पुडा घे. शेंगा सोलताना हात गुंतलेले राहतात, मोबाइल खिशातच राहतो. शेजारी शेजारी चालताना गप्प झालात तरी अवघडल्यासारखं होत नाही. पाणी, पक्षी, येणारे-जाणारे बघत पुढं चालायचं. खर्च टीटीएमएम. शेंगा तुझ्या, चहा त्याचा. म्हणजे कुणाचं कुणावर ओझं नाही.

आता बोलायचं काय? आर्थर अॅरन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1997 मध्ये अनोळखी माणसांच्या जोड्यांना 36 प्रश्न दिले होते. सोप्यापासून सुरुवात करून हळूहळू मनातल्या गोष्टींकडे नेणारे. महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं. तू तेवढंच उचल. ‘हॉबी काय?’ विचारलंस तर एका शब्दात उत्तर येईल. त्यापेक्षा विचार, ‘तुझी आजी कुठल्या भाषेत रागावते?’ आपल्या सोलापुरात हा प्रश्न हमखास चालतो. समज, तो पूर्व भागातला आहे आणि म्हणाला, ‘तेलुगूत.’ लगेच दुसरा विषय काढू नकोस. ‘तुला त्या भाषेत उलट बोलता येतं का?’ असं विचार. मग घरातल्या मागाची गोष्ट निघेल, आजोबांची निघेल, त्याला स्वतःला तो धंदा करायचाय की नाही, तेही निघेल. मग तुझ्या घरचं तू सांग. नुसते प्रश्नच विचारत राहिलीस तर त्याला मुलाखत दिल्यासारखं वाटेल. एखादं उत्तर त्यानं टाळलं, तर तिथंच सोडून दे.

फेरी संपत आली की मनात दोन गोष्टी ताडून बघ. इन्स्टाग्रामवर कळली नसती अशी त्याची एखादी गोष्ट तुला कळली का? आणि त्यानं तुला किती विचारलं? तासभर तो स्वतःबद्दलच बोलला असेल, तर पुढच्या भेटीची घाई नको. आणि तू मघाशी सांगितलेलं धरून त्यानं परत काही विचारलं असेल, तर पुढच्या वेळी जागा त्याला ठरवू दे. त्याच्या पेठेतली, त्याला लहानपणापासून माहीत असलेली.