*मोठी ऑर्डर आली की "ओके" पाठवू नका: आधी सुका माल मोजा*



तेल कारखान्याकडून आपल्याला १००० क्विंटल सोयाबीनची ऑर्डर आलीये. ओलावा १२ टक्के, काडीकचरा २ टक्क्यांपर्यंत. ५, ९, १३ आणि १७ नोव्हेंबरला २५० क्विंटलची एकेक गाडी. आपल्या नोंदवहीतही सभासदांचा माल बरोबर १००० क्विंटल आहे. मग लगेच होकार का दिला नाही, असं काहींनी विचारलं.

कारण नोंदवहीतला आकडा घरच्या मालाचा आहे. नमुने तपासले तेव्हा सरासरी ओलावा १४ टक्के निघाला. म्हणजे १००० क्विंटलमध्ये सुका माल ८६०. तो १२ टक्क्यांवर वाळवला की वजन ९७७ क्विंटल भरतं. कचरा ५ टक्के आहे, तो चाळून २ वर आणला की आणखी ३० क्विंटल जातात. हातात राहतात साधारण ९४७. हजाराला होकार दिला असता तर शेवटच्या गाडीला ५० क्विंटल कमी पडले असते. मग ओला माल भरायचा मोह होतो, आणि गाडी परत आली की भाडं आपल्याच अंगावर.

म्हणून आज एवढंच कळवलं:

_"आपली ऑर्डर मिळाली, वाचली. आम्ही ९४० क्विंटल देऊ शकतो: पहिल्या तीन गाड्या २५० च्या, १७ तारखेची १९० ची. तारखा मान्य. दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात. वजन कुणाच्या काट्यावरचं धरणार आणि त्यातून बारदान्याचं वजन किती वजा करणार? ओलावा १२ च्या वर निघाला तर वजनात कपात की गाडी परत? कपात असेल तर दर टक्क्याला किती? आपलं लेखी उत्तर आल्यावर माल भरू."_

'मिळाली' आणि 'मान्य' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं "ओके" लिहिलं तर हजार क्विंटल मान्य केले असा अर्थ निघू शकतो. आपण आकडा बदलून कळवलाय, त्यामुळे त्यांचा लेखी होकार येईपर्यंत सौदा पक्का नाही. फोनवर "चालेल हो" म्हटलं तरी मेसेजवर मागून घ्यायचं.

*तुमच्याकडून काय हवं:* उद्या संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने खरा आकडा कळवा: वाळलेला किती, ओला किती, मळणी बाकी किती. अर्धा किलो नमुना बंद पिशवीत आणा, पिशवी उघडी राहिली तर मीटर चुकीचा ओलावा दाखवतो. थोडा माल व्यापाऱ्याला दिला असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. आज कमी सांगितलेलं चालेल, गाडी उभी असताना कमी पडलेलं चालणार नाही.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी